जर्सी देणाऱ्या दुकानदाराला शाळेचं आभारपत्र: काय लिहावं आणि काय गाळावं

प्रश्न: आमची ग्रामीण भागातली माध्यमिक शाळा आहे. गावातल्या कृषी सेवा केंद्राने मुलींच्या खो-खो संघाला जर्सी दिल्या. मुख्याध्यापकांनी मला आभारपत्र लिहायला सांगितलं आहे, पण दोन ओळींच्या पुढे गाडी जात नाही. मुलींना त्याचा काय उपयोग झाला हे कसं मांडावं? एखादा नमुना मिळेल का?

उत्तर:

दोन ओळींत पत्र संपतं, कारण लिहायला बसताना हाताशी माहिती तेवढीच असते: जर्सी मिळाल्या आणि आनंद झाला. मग उरलेलं पान ‘मोलाचे सहकार्य’, ‘सामाजिक बांधिलकी’, ‘शतशः ऋणी’ आणि ‘भावी वाटचालीस शुभेच्छा’ यांनी भरलं जातं. अशा पत्राची परीक्षा सोपी आहे. त्यातला ‘जर्सी’ हा शब्द काढून ‘पंखा’ घाला. पत्र तरीही नीट वाचता आलं, तर ते तुमच्या दुकानदाराला लिहिलेलंच नाही. म्हणून आधी माहिती गोळा करा. ती तीन ठिकाणी मिळते: गठ्ठ्यात, मैदानावर आणि मुलींकडे.

गठ्ठ्यापासून सुरुवात करा. बहुतेक वेळा देणाऱ्याने जर्सी डोळ्यांनी पाहिलेल्याच नसतात. त्याने तालुक्याच्या गावातल्या स्पोर्ट्सच्या दुकानाला पैसे पाठवलेले असतात, मापं क्रीडा शिक्षकांनी दिलेली असतात आणि माल परस्पर शाळेत आलेला असतो. आपल्या पैशातून नेमकं काय आलं हे त्याला पहिल्यांदा कळतं ते तुमच्या पत्रातून. तेव्हा एकूण जर्सी किती, रंग कोणता, क्रमांक कुठे आहेत, शाळेचं नाव कुठे आहे, दुकानाचं नाव छापलं असेल तर ते कुठे आहे आणि माल कोणत्या तारखेला पोहोचला, हे सगळं गठ्ठा उघडूनच टिपून घ्या. बिलावर विसंबू नका. बिलात पंधरा आणि गठ्ठ्यात चौदा असा प्रकार होतो, आणि पत्रात पंधरा लिहून सही झाली की शाळेला पंधरा मिळाल्याचा तो पुरावा ठरतो.

याच वेळी छपाईही तपासा, कारण जर्सी कशा जपणार हे पत्रात सांगायचं आहे आणि ते छपाईच्या प्रकारावर अवलंबून आहे. सबलिमेशनच्या छपाईत शाई पॉलिएस्टरच्या धाग्यातच उतरते. क्रमांकावरून बोट फिरवलं तर कापडच लागतं, आणि असा क्रमांक सोलून निघत नाही. दुसऱ्या प्रकारात क्रमांक वेगळा कापून गरम प्रेसने चिकटवलेला असतो आणि बोटाला त्याची कड लागते. त्यावर गरम इस्त्री फिरली की तो सुरकुततो किंवा इस्त्रीलाच चिकटून येतो. तुमच्या जर्सी या प्रकारच्या असतील, तर उलट्या करून धुणं आणि क्रमांकावर इस्त्री न करणं हा नियम शाळेने पहिल्याच दिवशी ठरवायला हवा. पत्रात त्याचं एक वाक्य आलं की आपला पैसा नीट सांभाळला जातोय हे देणाऱ्याला दिसतं. त्याच्यासाठी हे वाक्य पाच विशेषणांहून मोलाचं आहे.

आता मैदान. जर्सीने मुलींना ‘आत्मविश्वास मिळाला’ असं प्रत्येक पत्रात असतं. ते खोटं नसलं, तरी त्यातून चित्र काही उभं राहत नाही. जर्सीने खेळात काय बदललं ते पाहायचं, तर क्रमांकाकडे पाहा. खो-खोत बारा जणींच्या संघातून नऊ जणी मैदानात उतरतात. संरक्षण करणाऱ्या बाजूच्या मुली तीन-तीनच्या तुकडीने आत येतात. एक तुकडी बाद झाली की लगेच दुसरी. कोण कोणत्या क्रमाने आली, कोण बाद झाली, हे गुणलेखक मुलींच्या क्रमांकावरून लिहितो. त्याला मुलींची नावं माहीत नसतात आणि त्या वेगात विचारायलाही वेळ नसतो. ज्या संघाकडे जर्सी नसतात, तो पी.टी.च्या गणवेशावर कागद किंवा कापडाचा तुकडा पिनेने लावून क्रमांक दाखवतो. पहिल्याच सुरात कागद फाटतो, पिन उघडली तर टोचते, आणि ‘बाद कोण झाली’ म्हणून पंच खेळ थांबवतात. चांगल्या लयीत पळणारी मुलगी अशा थांब्यानंतर थंड पडते. शेतीच्या औषधांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला खो-खोचा गुणतक्ता माहीत असायचं कारण नाही. त्याला हे दोन वाक्यांत सांगितलं, तर जर्सीचं काम काय असतं ते त्याला कळतं.

दुसरी गोष्ट कापडाची आणि मापाची. घरचा किंवा थोरल्या भावाचा सैल टी-शर्ट घालून मुलगी सूर मारते, तेव्हा तिचा एक हात टी-शर्टचं टोक धरायला मागे जातो. पुरेशा लांबीची, अंगाच्या मापाची जर्सी असली की दोन्ही हात पुढे राहतात. मुलींच्या संघात हा फरक मोठा आहे आणि मुली स्वतः तो मोकळेपणाने सांगतात. पत्रात तो सांगताना मात्र शब्द जपून वापरा. ‘मुलींना लाज वाटायची’ असं लिहू नका. ‘सूर मारताना हात अडकायचा, आता अडकत नाही’ एवढं पुरे. वाचणाऱ्याला कळायचं ते कळतं.

तिसरी जागा मुलींची, आणि इथेच बहुतेक शाळा चुकतात. वर्गात उभं करून ‘जर्सी मिळाल्यावर कसं वाटलं?’ असं विचारलं, तर बाराच्या बारा जणी ‘खूप छान वाटलं’ म्हणतात. चूक मुलींची नाही, प्रश्नच तसा आहे. त्याऐवजी वहीच्या पानाच्या चतकोर चिठ्ठ्या करा, प्रत्येकीला एक द्या, आणि फळ्यावर हे प्रश्न लिहा: आधीच्या सामन्याला तू काय घातलं होतंस? त्याने खेळताना काय अडचण यायची? या वेळी सामन्यात कोणी तुझ्याशी किंवा तुझ्याबद्दल काही वेगळं बोललं का? जर्सी घरी कोणी पाहिली, आणि काय म्हणालं? चिठ्ठीवर नाव नको, फक्त इयत्ता, आणि राखीव असेल तर तेवढं. दहा मिनिटं द्या, आणि शिक्षकांनी तेवढा वेळ फिरू नये. शिक्षक मागे उभे राहिले की मुली पुन्हा निबंधाची भाषा लिहायला लागतात.

बारा चिठ्ठ्यांतून तीन निवडा. निवडताना एक चिठ्ठी राखीव खेळाडूची असू द्या. राखीव मुलींना आपल्याकडे बहुतेकदा जर्सी मिळतच नाही, नऊच शिवल्या जातात. त्यामुळे मिळालेल्या राखीव मुलीची चिठ्ठी बाकीच्यांपेक्षा वेगळी असते. निवडलेल्या ओळींचं शुद्धलेखन सुधारा, पण वाक्यरचना आणि बोली तशीच ठेवा. ‘मला अत्यानंद झाला’ असं नववीतली मुलगी बोलत नाही, आणि दुकानदारालाही ते कळतं.

हे सगळं व्हायला निदान एक सामना झालेला असावा लागतो. जर्सी हातात आल्याच्या दिवशी, किंवा १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला वाटपाचा फोटो काढून त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं, तर त्यात लिहिण्यासारखं काही नसतं. म्हणून दोन कागद वेगळे करा. माल मिळाल्याच्या दिवशी मुख्याध्यापकांचा फोन आणि चार ओळींची पोच. आभारपत्र पहिल्या सामन्यानंतर आठवड्याभरात. त्याहून उशीर झाला तर मुली सामना विसरतात आणि देणाऱ्याला वाटायला लागतं की शाळाच विसरली.

आता नमुना. शाळा खेड्यातली, संघ मुलींचा खो-खोचा, जर्सी चौदा, तालुका स्पर्धेत दोन सामने, एक जिंकला आणि एक हरला, असं धरून लिहिला आहे. तारखा, रंग, आकडे आणि मुलींची वाक्यं तुमची घाला. नमुन्यातली वाक्यं तशीच उतरवू नका, कारण शेजारच्या गावची शाळा तेच करेल आणि दोन्ही पत्रं कधीतरी एकाच माणसाच्या हातात पडतील.

(शाळेचे लेटरहेड)
जावक क्रमांक, दिनांक

प्रति,
श्री. …,
… कृषी सेवा केंद्र, मु. पो. …

विषय: मुलींच्या खो-खो संघाला दिलेल्या जर्सींबद्दल आभार

सप्रेम नमस्कार.

आपण दिलेल्या १४ जर्सी १८ ऑगस्ट रोजी शाळेत पोहोचल्या आणि २६ ऑगस्टच्या तालुका स्पर्धेत आपल्या गावच्या मुली त्या घालून खेळल्या. गडद निळ्या रंगाच्या या जर्सींवर छातीवर व पाठीवर पांढरे क्रमांक आहेत, डाव्या बाजूला शाळेचे नाव आहे आणि उजव्या बाहीवर आपल्या केंद्राचे नाव आहे. बारा जर्सी खेळाडूंना दिल्या. मोठ्या मापाच्या दोन राखून ठेवल्या आहेत, म्हणजे पुढच्या वर्षी उंच मुलगी संघात आली तरी अडणार नाही.

गेल्या वर्षापर्यंत संघ पी.टी.च्या गणवेशात उतरत असे आणि क्रमांक कागदावर लिहून पिनेने लावावे लागत. सूर मारला की कागद फाटे. खो-खोत गुण लिहिणारे खेळाडूच्या क्रमांकावरून नोंद करतात. क्रमांक दिसला नाही की खेळ थांबतो आणि पळणाऱ्या मुलीची लय तुटते. या वर्षीच्या दोन्ही सामन्यांत आपल्या संघासाठी खेळ एकदाही थांबवावा लागला नाही.

सामन्यानंतर मुलींनी चिठ्ठ्यांवर जे लिहिले, त्यातील तीन चिठ्ठ्या त्यांच्याच शब्दांत देत आहोत.

‘आधी सूर मारताना माझा एक हात टी-शर्ट धरायला जायचा. आता दोन्ही हात पुढे जातात.’ (इयत्ता नववी)

‘मागच्या वर्षी पंच मला ए लाल रिबनवाली म्हणायचे. या वर्षी सात नंबर म्हणाले.’ (इयत्ता आठवी)

‘मी राखीव आहे. मला वाटलं मला नाही मिळणार. मिळाली. आजीने नंबरावरून हात फिरवून बघितला.’ (इयत्ता आठवी)

पहिला सामना संघाने जिंकला. दुसऱ्या सामन्यात दोन गुणांनी हार पत्करावी लागली. त्या सामन्यात शेवटच्या तुकडीतील मुलींनी सर्वांत जास्त वेळ संरक्षण केले, हे आपल्याला आवर्जून कळवावेसे वाटते.

जर्सींची नोंद शाळेच्या क्रीडा साहित्य नोंदवहीत केली आहे. सामन्याच्या आदल्या दिवशी त्या मुलींना दिल्या जातात आणि धुऊन परत घेतल्या जातात. क्रमांक टिकावेत म्हणून त्या उलट्या करून धुवायच्या व क्रमांकावर इस्त्री करायची नाही, असे मुलींना सांगितले आहे.

पहिल्यांदा दिलेली चार मापे चुकली होती. गिऱ्हाइकांच्या गर्दीतही आपण दुकानातील माणूस तालुक्याला पाठवून ती बदलून आणलीत. जर्सींइतकेच या धावपळीबद्दलही आपले मनापासून आभार.

आपले,
मुख्याध्यापक (सही व शिक्का), क्रीडा शिक्षक (सही), संघाची कर्णधार (सही)

या पत्रात काही गोष्टी मुद्दाम नाहीत. ‘गरीब’, ‘गरजू’, ‘होतकरू’, ‘ग्रामीण भागातील वंचित’ यातला एकही शब्द नाही. असं पत्र बहुतेक वेळा लॅमिनेट होऊन दुकानात गल्ल्याच्या मागे लागतं आणि त्याच दिवशी व्हॉट्सॲप स्टेटसवर जातं. त्या गल्ल्यासमोर बियाणं घ्यायला उभे राहतात ते या मुलींचेच वडील आणि काका. आपली मुलगी भिंतीवर ‘गरजू’ म्हणून लागलेली पाहणं त्यांना आवडणार नाही, आणि मुलींना तर त्याहून नाही. मुलीच्या घरची परिस्थिती या पत्रात येण्याची काही गरजच नसते. अडचण सांगायची ती संघाची: कागदाचे क्रमांक, अडकणारा हात. त्यात कोणाचाही कमीपणा नाही.

मुलींची नावंही नाहीत. इयत्ता दिली की पुरते. छोट्या गावात इयत्ता आणि क्रमांक यांवरून ओळखणारे ओळखतातच, पण पत्राचा फोटो गावाबाहेर गेल्यावर नाव जात नाही. सोबत संघाचा फोटो देणार असाल तर पालकांची लेखी संमती आधी घ्या, आणि हा फोटो दुकानात लागू शकतो, मोबाइलवर फिरू शकतो, हे त्या संमतीपत्रात स्पष्ट लिहा. एखाद्या पालकाने नको म्हटलं तर त्या मुलीला बाजूला काढून बाकीच्यांचा फोटो घेऊ नका. पाठमोऱ्या संघाचा फोटो घ्या. क्रमांक आणि जर्सी त्यातच चांगल्या दिसतात आणि सगळ्या जणी येतात.

हार लपवलेली नाही. हरल्याचं लिहिलं तर देणारा नाराज होईल अशी भीती शाळांना वाटते, म्हणून पत्रात ‘संघाने उत्कृष्ट कामगिरी केली’ असं मोघम येतं. गावात निकाल पत्राच्या आधी पोहोचलेला असतो. मग पत्रातलं बाकीचंही खरं असेल का, असं वाचणाऱ्याला वाटू लागतं. हार एका वाक्यात सांगा आणि त्या सामन्यातली एक खरी चांगली गोष्ट पुढच्या वाक्यात द्या. जिंकला असाल, तर विजयाचं सगळं श्रेय जर्सीला देऊ नका. ‘आपल्या जर्सीमुळेच विजय’ हे वाक्य महिनोन् महिने सराव करणाऱ्या मुली वाचतात.

पुढच्या वर्षीची मागणीही पत्रात नाही. ‘यापुढेही असेच सहकार्य मिळत राहील ही अपेक्षा’ हे वाक्य आपल्या पत्रलेखनात इतकं मुरलं आहे की ते मागणी आहे हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. वाचणाऱ्याच्या मात्र येतं. बूट किंवा खांबाचा खर्च मागायचा असेल, तर शाळा सुरू झाल्यावर जूनमध्ये स्वतंत्र पत्र द्या. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ हेही गाळलं आहे. विषय वर लिहिलेला आहेच.

पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य शेवटच्या परिच्छेदात आहे, मापं बदलून आणल्याचं. पैसे देणं हा देणाऱ्याच्या बाजूने एका क्षणाचा निर्णय असतो. त्याने घेतलेला त्रास मात्र सहसा कोणी मोजत नाही. तुमच्या बाबतीत तो त्रास वेगळा असेल. कोणी छपाईवाल्याशी भांडलं असेल, कोणी स्वतःच्या गाडीतून गठ्ठा आणला असेल, कोणी आपलं नाव छापू नका म्हणालं असेल. क्रीडा शिक्षकांना विचारा, त्यांना माहीत असतं. असं काही घडलंच नसेल तर परिच्छेद गाळा, बनवू नका.

नाव आणि पत्ता ही किरकोळ बाब वाटते, पण सगळ्यात जास्त नाराजी तिथूनच येते. दुकान दोन भावांचं असतं, बिल एकाच्या नावाने असतं आणि निर्णय दुसऱ्याने घेतलेला असतो. कधी दुकान सासूबाईंच्या नावावर असतं आणि बसतो मुलगा. फोन करून ‘पत्र कोणाच्या नावाने काढू?’ असं सरळ विचारा. दुकानाचं नाव पाटीवर जसं लिहिलं आहे तसंच लिहा, ‘ॲग्रो’ असेल तर ‘ॲग्रो’ आणि ‘ऍग्रो’ असेल तर ‘ऍग्रो’. जर्सी कोणाच्या स्मरणार्थ दिल्या असतील, तर त्या दिवंगत व्यक्तीचं नाव पहिल्याच परिच्छेदात, ‘कै.’ लावून, घरच्यांनी सांगितलं तसं आलं पाहिजे. देणारा निवडणुकीला उभा असेल, तर पत्रात राजकीय पद किंवा उमेदवारी यांचा उल्लेख करू नका, आणि आचारसंहिता लागू असेल तर पत्र जाहीरपणे देण्याचा कार्यक्रम पुढे ढकला.

‘देणगी’ हा शब्दही जपून वापरा. नमुन्यात तो नाही, ‘दिलेल्या जर्सी’ एवढंच आहे, आणि त्याला हिशेबाचं कारण आहे. बाहीवर दुकानाचं नाव छापलं असेल, तर दुकानदाराचा सीए तो खर्च जाहिरातीत दाखवत असेल. शाळेच्या पत्रात ‘देणगी’ असलं की दोन कागद दोन गोष्टी बोलतात. उलट, आयकरात सवलत मिळेल अशी देणाऱ्याची समजूत असेल तर ती आधीच दूर करा. ती सवलत रकमेच्या देणगीला असते, वस्तूला नाही. रकमेलाही ती संस्थेची आयकर खात्याकडे त्यासाठी नोंदणी असेल तरच मिळते, आणि दोन हजार रुपयांवरची देणगी रोखीत दिली तर मिळत नाही. आभारपत्र ही पावती नव्हे. रक्कम शाळेच्या खात्यात आली असेल तर पावती पुस्तकातली पावती वेगळी द्या. पत्रात जर्सींची किंमत लिहू नका. तसंच ‘सीएसआर अंतर्गत’ असंही लिहू नका. ती तरतूद कंपनी कायद्याखालच्या मोठ्या कंपन्यांसाठी आहे: निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक मर्यादा तरी गाठलेल्या. गावातल्या दुकानाच्या पत्रात तो शब्द आला की वाचणाऱ्या सीएला हसू येतं.

पत्र पाठवू नका, नेऊन द्या. क्रीडा शिक्षक, कर्णधार आणि एक राखीव खेळाडू एवढे तिघे पुरेत. बाराच्या बारा मुली दुकानात गेल्या की गिऱ्हाईक अडतं आणि मालक अवघडतो. बाजाराचा दिवस आणि सकाळची खरेदीची वेळ टाळा, दुपारची निवांत वेळ बरी. मुलींनी सामन्यातली जर्सी घालून जावं. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह यांची गरज नाही. त्यांच्या पैशात एक चांगला आखणीचा दोर येतो, आणि बहुतेक दुकानदारांच्या घरी अशा शालींचा ढीग आधीच असतो. शाळेच्या कार्यक्रमात आभार मानायचे असतील, तर पत्रातला तीन चिठ्ठ्यांचा भाग तेवढा वाचा.

पत्र एका पानात बसवा. हाताने लिहिलेलं चालतं, पण मग ते मुख्याध्यापकांच्या किंवा शिक्षकांच्या हस्ताक्षरात असावं. मुलीकडून सुवाच्य अक्षरात लिहून घेतलेलं पत्र शिक्षकांच्या भाषेत असेल तर ते विचित्र दिसतं. टंकलिखित असेल तर मुलींच्या मूळ तीन चिठ्ठ्या मागे टाचून द्या, त्यांच्या चुकांसह. नावं नाहीत याची मात्र पुन्हा खात्री करा, कारण सवयीने कोपऱ्यात नाव लिहिणारी एक तरी मुलगी असतेच. कार्यालयीन प्रत जावक नोंदवहीत लावा आणि झेरॉक्स क्रीडा साहित्य नोंदवहीत जर्सीच्या नोंदीजवळ चिकटवा. क्रीडा शिक्षकांची बदली झाली किंवा ते निवृत्त झाले, तर या चौदा जर्सी कुठून आल्या आणि त्या कशा धुवायच्या, हे नव्या माणसाला तिथेच सापडेल.